तीनशे रुपये कशाचे?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची ओ.पी.डी. आटोपत आली होती. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी आत आल्या. मधुमेहाच्या गोळ्या त्या गेली आठ-नऊ वर्षे माझ्याकडूनच नेतात. त्या दिवशी मात्र गोळ्यांसाठी आल्या नव्हत्या. पदराच्या गाठीतून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, हा तुमचाच कागद ना? आशाताईंनी दिला. रक्त द्यायचं आन् तीनशे रुपये मिळायचे असं त्या म्हणाल्या. पण माझा पोरगा म्हणतोय, रक्त इकायचं न्हाई आपल्याला."

कागद माझाच होता. आमच्या तालुक्यात आम्ही एक छोटासा अभ्यास करत आहोत, त्याचे ते माहितीपत्रक. मुलाचे बोलणे मला अजिबात चुकीचे वाटले नाही. रक्ताचे पैसे घेणे आपल्या देशात बंदच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदानावर बंदी आली. ते दिवस मला चांगले आठवतात. मग हे तीनशे रुपये कशाचे? मावशींना मी पाच मिनिटांत उत्तर दिले, पण ते मलाच अपुरे वाटले. वाचकहो, आज तेच उत्तर सविस्तर देणार आहे. तुमच्याही दारात कधीतरी असा कागद येईल, तेव्हा उपयोगी पडेल.

आधी अभ्यास कशाचा ते सांगतो. मधुमेहावर मेटफॉर्मिन नावाची गोळी आपल्याकडे घरोघरी आहे. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे, मी स्वतः रोज लिहून देतो. पण ती बरीच वर्षे घेतली तर काही जणांच्या आतड्यातून ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. त्यातून माणूस शाकाहारी असेल तर मुळातच आवक कमी. मग पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, चालताना पायात चप्पल आहे की नाही ते कळत नाही. मधुमेहातही नेमके हेच होते! त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही 'साखरेमुळे झाले' म्हणून सोडून देतात. साखरेने बिघडलेली नस सहसा पूर्ववत होत नाही, पण ब-१२ च्या कमतरतेने बिघडू लागलेली नस वेळेवर लक्षात आली तर सुधारू शकते. आपल्या तालुक्यात असे किती लोक असतील, हा आमचा प्रश्न. शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांनी मार्गदर्शन कबूल केले आणि एका धर्मादाय विश्वस्त मंडळाने 'अंदाजपत्रक द्या, बघू' असे सांगितले.

अंदाजपत्रक! मी दवाखाना बांधला तेव्हा विटा-सिमेंटचे अंदाजपत्रक केले होते, मुलीच्या लग्नाचे केले होते. मला वाटले, हे त्याहून सोपे. रक्ततपासणीचा दर गुणिले माणसे, संपले. एका रविवारी दुपारी बसून मी एका पानावर ते उरकले आणि प्राध्यापकांना दाखवले. त्यांनी वाचले आणि विचारले, "माणसे किती, हे कसे ठरवले?" मी म्हटले, "शंभर. आकडा बरा दिसतो."

माणसे किती घ्यायची याचा एक साधा हिशेब असतो. आपला अंदाज काय आणि त्यात किती चूक चालेल, हे आधी सांगावे लागते. निरनिराळ्या ठिकाणचे आकडे वेगवेगळे आहेत म्हणून आम्ही असे धरले की, मेटफॉर्मिन घेणाऱ्या चौघांत एकाला ब-१२ ची कमतरता असेल, म्हणजे शेकडा २५. उत्तर सहा टक्क्यांनी इकडेतिकडे झाले तर चालेल. आता २५ ला ७५ ने गुणायचे, त्याला चाराने गुणायचे आणि सहाच्या वर्गाने, म्हणजे ३६ ने, भागायचे. येतात २०८. काही लोक येतो म्हणून येत नाहीत, काहींचे रक्त खराब होते, म्हणून वर थोडे जास्त धरून २४० केले. हाच हिशेब तीन टक्क्यांच्या अचूकतेसाठी केला तर ८३३ माणसे लागतात. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट आणि त्याबरोबर खर्चही जवळजवळ चौपट. अभ्यासाच्या अंदाजपत्रकात सगळ्यात महाग वस्तू अचूकता असते, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळले.

दुसरा प्रश्न मात्र जास्त टोचला. "भाग घेणाऱ्यांना काय देणार?" मी त्या रकान्यात शून्य लिहिले होते. माझे म्हणणे असे होते की, साडेचारशे-पाचशे रुपयांची ब-१२ ची तपासणी त्यांना फुकट मिळते आहे, वर आणखी काय द्यायचे? प्राध्यापक म्हणाले, "डॉक्टर, मंगळवारी सकाळी दहा वाजता तुमच्याकडे फुकट तपासणीला कोण येईल, त्यांची यादी करा." मी मनातल्या मनात यादी केली. निवृत्त गुरुजी, कापड दुकानदार, पतसंस्थेचे मॅनेजर, ज्यांच्या घरी मोटारसायकल आणि ती चालवायला मुलगा आहे असे लोक. मावशी त्या यादीत नव्हत्या. त्या मंगळवारी कोणाच्या तरी शेतात खुरपत असणार. आठवड्यात दोनदा अंडी खाणारा आणि भाकरी-चटणीवर दिवस काढणारा यांचे ब-१२ एकसारखे कसे असेल? मी शून्य लिहिले असते तर माझा अभ्यास तालुक्याचा झाला नसता, फक्त बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याचा झाला असता. आणि आकडेवारी छापून आल्यावर ते कोणाला कळलेही नसते.

म्हणून तीनशे रुपये. त्याचा हिशेब असा. अर्ध्या दिवसाची मजुरी २०० रुपये, येण्याजाण्याचे ६० रुपये आणि नाश्ता-चहाचे ४० रुपये. आम्ही रक्त घेतो ते दीड चमचा. त्या दीड चमच्याचा भाव यात कुठेही नाही. बुडालेला वेळ आणि खिशातून गेलेले पैसे तेवढे परत करायचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आय.सी.एम.आर.ची, २०१७ सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांतही हाच विचार आहे : भाग घेणाऱ्याचा खर्च भरून द्यावा, त्रासाबद्दल वाजवी रक्कम द्यावी, पण ती इतकी मोठी नसावी की माणूस त्या लोभाने स्वतःचे भलेबुरे पाहणार नाही.

मजुरीत एक अडचण आली. आमच्याकडे पुरुषाला दिवसाचे चारशे मिळतात, बाईला तीनशे. मग बाईला अर्ध्या दिवसाचे दीडशे द्यायचे का? कागदावर ते बरोबर दिसते, पण समोरासमोर बसलेल्या नवरा-बायकोला वेगवेगळी पाकिटे द्यायला मला हात झाला नसता. दोघांनाही दोनशे ठेवले. प्रवासाचेही तसेच. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, तर त्यांना तीसच द्यावेत अशी एक सूचना आली. पण आमच्या वाड्या-वस्त्यांवर सकाळी वेळेवर एस.टी. असते कुठे? लोक वडापच्या जीपने येतात आणि वडापवाला कोणालाच सवलत देत नाही. सगळ्यांना साठ.

आता अंदाजपत्रकातल्या त्या ओळीकडे येतो जिच्यावरून माझी सर्वांत जास्त थट्टा झाली. नैतिक समितीची फी. आमच्या शहरातल्या एका व्यवसायबंधूंनी विचारले, "म्हणजे पैसे भरून नैतिकता विकत घ्यायची होय?" हशा झाला. प्रकार तसा नाही. माणसांवर करायच्या कोणत्याही अभ्यासाला आधी नैतिक समितीची मान्यता लागते. २०१९ च्या नियमांनंतर या समित्यांना शासनाकडे नोंदणीही करावी लागते. समितीत सात ते पंधरा लोक असतात आणि सगळेच डॉक्टर नसतात. एक कायदेतज्ज्ञ, एक समाजशास्त्राचा जाणकार आणि वैद्यकीशी काही संबंध नसलेला एक सामान्य माणूस असावा लागतो. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो. आमच्यासारख्या खाजगी दवाखान्याची अशी समिती कुठून असणार? म्हणून महाविद्यालयाच्या समितीकडे अर्ज केला. औषध कंपन्यांकडून या समित्या मोठी फी घेतात, आमच्यासारख्यांकडून थोडी. आमचे अर्जाचे दहा हजार आणि पुढे काही बदल करायचा झाला तर त्याचे दोन हजार धरले. फी भरली म्हणजे मान्यता मिळाली असे नाही. नापास झालो असतो तरी फी परत मिळाली नसती, आणि तेच योग्य आहे.

त्या बारा हजारांत काय मिळाले ते सांगतो. बैठकीत डॉक्टर सभासदांनी तपासणीच्या पद्धतीबद्दल विचारले. वकिलांनी संमतीपत्रातली तीन वाक्ये बदलायला लावली. मग कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त शिक्षिका बोलल्या. "तुम्ही लोकांना सकाळी उपाशीपोटी बोलावताय. मधुमेहाची माणसे. एखादा सवयीने गोळी घेऊन आला, रांगेत तास गेला आणि चक्कर येऊन पडला तर?" मी तीस वर्षे मधुमेहाचे रुग्ण पाहतो आहे, पण हे मला सुचले नव्हते. नाश्त्याचे ४० रुपये त्या प्रश्नातून आले. आधी ते नव्हतेच! 'गोळी बरोबर आणा, रक्त दिल्यावर खाऊन मगच घ्या' ही ओळही माहितीपत्रकात ठळक अक्षरात आली.

त्यांचाच दुसरा प्रश्न : "ज्यांच्यात कमतरता निघेल त्यांचे पुढे काय?" अंदाजपत्रकात मी त्याला जागाच ठेवली नव्हती. रक्त घ्यायचे, आकडा लिहायचा आणि त्या माणसाला 'तुम्हाला कमतरता आहे, औषध बाहेरून घ्या' म्हणायचे! चौघांत एक या हिशेबाने २४० पैकी ६० जण निघतील. त्यांना अहवाल समजावून द्यायला परत बोलवायचे, म्हणजे पुन्हा येणेजाणे आणि बुडालेला वेळ, माणशी अडीचशे, एकूण १५ हजार. आणि इंजेक्शन-गोळ्यांचे माणशी तीनशे, एकूण १८ हजार. या दोन ओळी समितीने घालायला लावल्या. तिसरी सूचना त्यांनी अशी केली की, मधेच कोणाचे मन बदलले आणि त्याने रक्त द्यायला नकार दिला तरी आल्याचे पैसे त्याला द्यायचे. 'शेवटपर्यंत थांबलास तरच पैसे' असे म्हटले की नाही म्हणण्याचा हक्क कागदावरच राहतो.

रक्त तपासण्या हा सगळ्यात मोठा खर्च, तरी त्यावर मी फार लिहीत नाही, कारण तो समजायला सोपा आहे. रक्ताचे सर्वसाधारण चित्र, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी आणि ब-१२ अशा तिन्ही मिळून प्रयोगशाळेने घाऊक दर आठशे रुपये दिला. २४० जणांचे १ लाख ९२ हजार झाले. पण सुया, नळ्या, बर्फाची पेटी आणि शहरातल्या प्रयोगशाळेपर्यंतच्या गाडीच्या बारा फेऱ्या यांचे वेगळे ३० हजार लागतात, हे नवख्या माणसाला सुचत नाही. आणखी सहा हजार अशा कामाला ठेवले जे ऐकून मुख्य प्रयोगशाळेच्या मालकाचे तोंड जरा वाकडे झाले. दर वीस नमुन्यांतला एक, नाव न सांगता, दुसऱ्या प्रयोगशाळेकडेही पाठवायचा. दोघांचे आकडे जवळपास आले तर ठीक. फार फरक पडू लागला तर थांबून कारण शोधायचे. सोनाराकडचा दागिना आपण दुसऱ्या काट्यावर तोलून पाहतो, त्यातलेच हे.

आता आकडेवारीच्या विश्लेषणाचा खर्च. इथे मला एक जुनी जखम दाखवावी लागेल. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पुढाकाराने आम्ही काही डॉक्टरांनी रक्तदाबाची पाहणी केली होती. सहाशेच्या वर लोकांचा रक्तदाब मोजला, फॉर्म भरले. छपाई झाली, बॅनर झाला, उद्घाटन झाले, पेढे वाटले. पैसे तिथेच संपले. फॉर्मवरचे आकडे कोण तपासणार, त्यांचा अर्थ कोण लावणार, याची तरतूदच नव्हती. वर्षभराने कोणाच्या तरी ओळखीतून एक संख्याशास्त्रज्ञ भेटले. त्यांनी दहा-पंधरा फॉर्म चाळले आणि विचारले, "रक्तदाब कोणत्या यंत्राने मोजला? बसवून की झोपवून? एकदा की दोनदा?" आमच्यातला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने मोजत होता आणि फॉर्मवर ते विचारलेलेच नव्हते. ते गृहस्थ भले होते. म्हणाले, "साहेब, यातून मी काहीच काढू शकत नाही." ते गठ्ठे एका कपाटात गेले. चार वर्षांनी कपाट उघडले तेव्हा निम्म्यांना वाळवी लागली होती. सहाशे लोकांनी आपला वेळ दिला होता. त्यांतले काही जण आजही भेटतात आणि 'त्या पाहणीचं काय झालं?' म्हणून विचारत नाहीत, याचे मला जास्त वाईट वाटते.

म्हणून या वेळी संख्याशास्त्रज्ञांचे ३० हजार मी पहिल्यांदा लिहिले आणि त्यांतले निम्मे काम सुरू होण्याआधीच दिले. त्यांनी आमचा फॉर्म पाहून लगेच दोन चुका काढल्या. 'मेटफॉर्मिन घेता का? होय/नाही' एवढेच आम्ही विचारले होते. किती वर्षे घेता आणि दिवसाला किती मिलिग्रॅम, हे नव्हते. ते नसेल तर गोळीचा परिणाम कसा कळणार? 'शाकाहारी : होय/नाही' हेही त्यांना चालले नाही. आपल्याकडे श्रावणापुरते शाकाहारी असतात, अंडे खाणारे शाकाहारी असतात आणि घरी शाकाहारी-ढाब्यावर मांसाहारी असेही असतात. शेवटी 'गेल्या सात दिवसांत दूध, अंडे, मासे, मटण किती वेळा' असा प्रश्न ठेवला. ते आधी आले म्हणून हे दोन्ही दुरुस्त झाले, नंतर आले असते तर पुन्हा कपाट आणि वाळवी.

फॉर्मवरचे आकडे संगणकात भरण्याचे १२ हजार. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण प्रत्येक फॉर्म दोन वेगवेगळी माणसे वेगवेगळा भरतात आणि मग संगणक दोन्ही ताडून पाहतो. फरक दिसला की मूळ कागद काढायचा. १९८ चे १८९ होणे ही हाताची सवय आहे, तिला रागावून काही उपयोग नाही. आणि १८९ आणि १९८ यांच्यामध्येच कमतरतेची रेघ असली तर एका माणसाचे निदान बदलते.

गावोगाव फिरून लोकांना समजावून सांगणारी आणि संमती घेणारी एक मुलगी चार महिने नेमली, तिचे ६० हजार. माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर, ते पुन्हा दुसऱ्याकडून इंग्रजीत करून अर्थ बदलला नाही ना ते पाहणे आणि छपाई, ९ हजार. देशातल्या अभ्यासांची सरकारी नोंदणी मात्र फुकट झाली, ती केली. एकूण बेरीज ४ लाख ५६ हजार.

विश्वस्त मंडळाने ४ लाख मंजूर केले.

छप्पन्न हजार कुठून कापायचे? मंडळाच्या हिशेबनीसांनी पेन्सिलीने दोन ओळींखाली रेघ मारून दिली होती. भाग घेणाऱ्यांचे पैसे आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्या बाजूने पाहिले तर तपासणी दिसते, गाडी दिसते, छपाई दिसते. मजुरी आणि विश्लेषण दिसत नाही. मलाही क्षणभर मोह झाला, खोटे कशाला सांगू. तीनशेचे शंभर केले असते तर एका फटक्यात अठ्ठेचाळीस हजार वाचत होते. पण शंभर रुपयांत मावशी खुरपणी सोडून आल्या नसत्या.

प्राध्यापकांनी वेगळा मार्ग दाखवला. सहा टक्क्यांऐवजी सात टक्के चूक चालेल असे धरा. तोच हिशेब पुन्हा केला. ७५०० ला ४९ ने भागून १५३ आले, गळती धरून १७०. सत्तर माणसे कमी. माणशी तीनशे आणि आठशे मिळून अकराशे, म्हणजे ७७ हजार रुपये वाचले. खर्च ३ लाख ७९ हजारांवर आला. दुसऱ्या भेटीचे आणि औषधाचे पैसे मात्र साठ जणांचेच ठेवले. कमतरता अंदाजापेक्षा जास्त निघाली तर कोणाला पैसे संपले म्हणून सांगायला नको. उरलेले २१ हजार अडीअडचणीसाठी बाजूला ठेवले. उत्तर थोडे धूसर येईल, पण ते तालुक्याचे असेल. संख्याशास्त्रज्ञांनीही याला होकार दिला आणि बदललेला आराखडा समितीकडे पुन्हा पाठवला. त्यासाठीचे दोन हजार तिथे कामाला आले.

अडचण आलीच. दुसऱ्याच महिन्यात एके दिवशी गाडी घाटात अडकली. पेटीतला बर्फ वितळला. प्रयोगशाळेचा फोन आला की १४ नळ्यांतल्या वरच्या पाण्याला लालसर रंग आला आहे, म्हणजे रक्तपेशी फुटल्या आहेत. असे नमुने धरायचे नसतात. चौदा जणांना पुन्हा बोलवावे लागले. त्यांना पुन्हा तीनशे दिले, पुन्हा तपासणी, पुन्हा गाडी. बाजूला ठेवलेल्या पैशांतून ते झाले. दोघांनी 'आता नको' म्हटले, त्यांना सोडून दिले. राखीव पैसे नसते तर चौदाच्या चौदा वगळावे लागले असते, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे तेच आकडे गुपचूप लिहून टाकावे लागले असते.

आणखी एक प्रसंग सांगतो. तीनशेचे तीन हजार का केले नाहीत, त्याचे उत्तर त्यात आहे. अभ्यासाची एक अट अशी आहे की, गेल्या सहा महिन्यांत ब-१२ चे इंजेक्शन घेतलेले नसावे. आपल्याकडे 'ताकदीचे लाल इंजेक्शन' कोणी घेतले नाही असे घर विरळा. तो लाल रंग ब-१२ चाच असतो. विचारल्यावर बहुतेकांनी मोकळेपणाने सांगितले, आणि त्यांना आल्याचे पैसे देऊन परत पाठवले. एका गृहस्थांनी मात्र नाही म्हणून सांगितले. अहवालात त्यांचा आकडा यंत्राच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेलेला. शाकाहारी, दहा वर्षे मेटफॉर्मिन, आणि ब-१२ एवढे? विचारले तेव्हा म्हणाले, "पंधरा दिवसांपूर्वी घेतलं होतं, पण सांगितलं असतं तर घेतलं नसतं ना तुम्ही." तीनशेसाठी एकाने लपवले. तीन हजार असते तर किती जणांनी लपवले असते? आणि सगळेच आकडे असे ओरडून स्वतःला पकडून देत नाहीत. ज्याने दोन-तीन महिन्यांपूर्वी एकच इंजेक्शन घेतले त्याचा आकडा अगदी नेहमीसारखा दिसतो आणि आमच्या बेरजेत गुपचूप शिरतो.

तर मावशींना मी एवढेच सांगितले की, पैसे तुमच्या खुरपणीचे आणि वडापचे आहेत, रक्ताचे नाहीत. नाही म्हणालात तरी तुमच्या गोळ्या माझ्याकडून पूर्वीसारख्याच मिळतील. असा कागद हातात आला की तीन गोष्टी विचारा, असेही सांगितले. तपासणीचे पैसे माझ्याकडून घेणार का? मधेच सोडले तर काय? आणि काही निघाले किंवा काही त्रास झाला तर खर्च कोण करणार? तिन्हींची उत्तरे त्या कागदावरच असली पाहिजेत. तोंडी सांगितलेले धरू नका. पैसे नेमके किती आणि केव्हा, हेही तिथेच असते.

त्यांनी मुलाला बोलावले. मुलाने कागद दोनदा वाचला आणि विचारले, "आईला त्रास झाला तर तुम्ही बघणार हे इथं लिहिलंय, पण सही कोणाची?" सही माझी होती, खाली फोन नंबर होता, नैतिक समितीच्या सचिवांचाही होता. त्याने तो नंबर तिथल्या तिथे लावून पाहिला. उचलला गेला!

पुढच्या मंगळवारी मावशी आल्या. रक्त दिले, उप्पीट खाल्ले, चहा घेतला, गोळी घेतली आणि नोंदवहीत अंगठा उमटवून पाकीट घेतले. त्यांचा अहवाल काय आला ते मी इथे सांगू शकत नाही. तेही त्या कागदावर लिहिलेले आहे.